मिसळीचे ५२ रुपये

माझ्या मावसभावाचं डोंबिवलीत नाश्त्याचं हॉटेल आहे. नऊ टेबलं, एक आचारी, दोन मदतनीस, वाढायला तीन पोरं आणि गल्ल्यावर तो स्वतः. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहीत आलो, म्हणून त्याची वही अधूनमधून माझ्याकडे येते. गेल्या डिसेंबरात वहीबरोबर तोही आला आणि बसता बसताच म्हणाला, "मिसळीतलं फरसाण कमी करतोय. परवडत नाही."

त्याच्या धंद्यातला जुना नियम असा, की माल विक्रीच्या तीस टक्क्यांत बसला पाहिजे. चाळीस रुपयांच्या उपम्याला बारा रुपयांचा माल लागतो, म्हणजे बरोबर तीस टक्के. तेव्हा उपमा हा शहाणा मुलगा. मिसळ नव्वद रुपयांची आणि त्याच्या वहीत तिचा माल एकतीस रुपयांचा, म्हणजे चौतीस टक्के. तेव्हा मिसळ उधळी. मी विचारलं, "दादा, एक मिसळ विकली की माल जाऊन हातात किती राहतात? आणि उपमा विकला की किती?" त्यानं मनात वजाबाकी केली आणि थोडा वेळ काही बोलला नाही. मिसळीमागे एकोणसाठ, उपम्यामागे अठ्ठावीस. घरमालक भाडं टक्क्यांत मागत नाही आणि आचारी पगार टक्क्यांत नेत नाही. दोघांनाही रुपये लागतात.

हीच गोष्ट १९८२ साली अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत हॉटेल व्यवसाय शिकवणाऱ्या मायकेल कासावाना आणि डोनाल्ड स्मिथ यांनी पुस्तकात मांडली आणि तिला 'मेनू इंजिनिअरिंग' हे नाव दिलं. नाव जडशीळ असलं तरी काम सोपं आहे. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे: तू किती खपतोस आणि खपलास की मागे किती रुपये ठेवतोस? दोन प्रश्नांच्या हो-नाही उत्तरांतून चार कप्पे होतात. खपतो आणि पैसेही ठेवतो तो 'स्टार'. खपतो पण पैसे कमी ठेवतो तो 'प्लाउहॉर्स', म्हणजे नांगराचा घोडा. आपल्याकडे नांगराला बैल, म्हणून त्याला बैलच म्हणू. पैसे चांगले ठेवतो पण कुणी मागवत नाही ते 'पझल', म्हणजे कोडं. आणि ना खप ना पैसा, तो 'डॉग'. कुत्र्यानं अमेरिकेतल्या व्यवस्थापनवाल्यांचं काय घोडं मारलंय कळत नाही. सत्तरच्या दशकातल्या बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या प्रसिद्ध चौकटीतही बिचारा याच कोपऱ्यात बसलेला आहे.

कप्पे पाडायच्या आधी माल नीट मोजावा लागतो आणि खरं कष्टाचं काम तेच आहे. वहीतले एकतीस रुपये कुठून आले, असं विचारलं तेव्हा कळलं, की तीन वर्षांपूर्वी आचाऱ्याला विचारून लिहिले होते. मग एका मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघरात तराजू घेऊन बसलो. कागदावर फरसाण पस्तीस ग्रॅम होतं. पण फरसाण मुठीनं पडतं. लागोपाठच्या दहा प्लेटी वजन केल्या तर सगळ्यात हलकी मूठ अडतीस ग्रॅमची निघाली आणि सगळ्यात भारी चौसष्टची. सरासरी पन्नास. दोनशे रुपये किलोच्या फरसाणात ही पंधरा ग्रॅमची वाढ म्हणजे तीन रुपये. लिंबाची फोड हिशेबात नव्हतीच, तिचा एक रुपया. आणि दुसऱ्यांदा मागितलेला रस्सा कुणीच कधी धरला नव्हता. कुणी एकदा मागतो, कुणी तीनदा, कुणी मागतच नाही. दिवसभरात वाढलेल्या जादा रश्श्याचा खर्च सगळ्या प्लेटींवर वाटला तर प्लेटीमागे तीन रुपये आला. मटकी पाच, फरसाण दहा, दोन पाव आठ, रश्श्याचं तेल-खोबरं-मसाला नऊ, कांदा-कोथिंबीर-लिंबू तीन आणि जादा रस्सा तीन. झाले अडतीस. शिल्लक एकोणसाठ नव्हे, बावन्न.

एक बारकावा इथेच सांगून टाकतो. गिऱ्हाइकाकडून पाच टक्के जीएसटी घेणाऱ्या अशा हॉटेलांना मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा मालाचा भाव करासकट धरायचा आणि विक्रीची किंमत मात्र कर सोडून. पुष्कळ जण नेमकं उलट करतात.

अडतीस रुपये ऐकून भाऊ आणखी घाबरला. आता तर बेचाळीस टक्के! म्हटलं, थांब, जानेवारीची सगळी बिलं येऊ देत. महिना मुद्दाम तो निवडला. श्रावणात किंवा नवरात्रात मोजलं तर साबुदाणा सगळ्यांच्या पुढे जातो आणि तुम्हाला वाटतं, गिऱ्हाइकाची आवड बदलली. बदललेलं असतं पंचांग.

नाश्त्याचे आठ पदार्थ, महिन्याच्या बावन्नशे प्लेटी. मिसळ पंधराशे, पोहे अकराशे, बटाटावडा नऊशे, साबुदाणा खिचडी सहाशे, साबुदाणा वडा पाचशे. इथून एकदम उतार: उपमा अडीचशे, कोथिंबीर वडी एकशे नव्वद, थालीपीठ एकशे साठ. चहा-कॉफी वेगळी ठेवली. जेवणाची थाळी आणि चहा एका रांगेत उभे केले तर चहाची शिल्लक कायम कमीच दिसणार. तुलना एका जातीच्या पदार्थांतच करायची असते.

खपाची रेषा कुठे ओढायची? आठ पदार्थ सारखेच खपले असते तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा टक्के आले असते. पण सारखं कधीच खपत नाही. म्हणून कासावाना-स्मिथ यांनी समान वाट्याच्या सत्तर टक्के पुरेसे मानले. साडेबाराचे सत्तर टक्के म्हणजे पावणेनऊ टक्के, आपल्या हिशेबात ४५५ प्लेटी. त्याच्या वरचा खपाऊ. पैशाची रेषा आणखी सोपी. प्रत्येक पदार्थाची शिल्लक गुणिले त्याच्या प्लेटी, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण प्लेटी. बेरीज आली २,०४,८६० रुपये, सरासरी ३९ रुपये ४० पैसे. हा निव्वळ नफा नव्हे. भाडं, पगार, गॅस, वीज सगळं यातूनच जायचं आहे.

आता आठही जण रेषेसमोर उभे केले. मिसळ बावन्न रुपये ठेवते आणि सगळ्यांत जास्त खपते. ज्या पदार्थातलं फरसाण काढायला भाऊ निघाला होता, तो एकटा पदार्थ महिन्याच्या दोन लाखांपैकी अठ्ठ्याहत्तर हजार आणत होता. साबुदाणा वडा त्रेचाळीस ठेवतो, तोही स्टार. पोहे सत्तावीस आणि बटाटावडा सव्वीस, दोघं बैल. थालीपीठ चौसष्ट आणि कोथिंबीर वडी अठ्ठावन्न, दोन्ही कोडी. उपमा अठ्ठावीस रुपये आणि अडीचशे प्लेटी. शहाणा मुलगा सरळ कुत्र्याच्या कप्प्यात.

राहिली खिचडी. सहाशे प्लेटी, शिल्लक चाळीस रुपये. सरासरीच्या साठ पैसे वर, म्हणून स्टार. साबुदाणा किंवा शेंगदाणा थोडा चढला, प्लेटीमागे एक रुपया खर्च वाढला, की तीच खिचडी बैल ठरणार. म्हणून रेषेच्या आसपासच्या पदार्थाला मी कुठलंच नाव देत नाही. सरासरीची आणखी एक गंमत आहे. ती काढायची म्हटली की कुणीतरी तिच्या खाली असणारच, सगळे पदार्थ उत्तम असले तरी. भावाचा पहिला झटका होता, "उपमा काढून टाकू." म्हटलं, काढ आणि गणित परत मांड. सात पदार्थ राहिले, खपाची रेषा चढून ४९५ प्लेटींवर गेली आणि कालचा स्टार साबुदाणा वडा पाच प्लेटींनी वाचला. पैशाची सरासरी झाली ३९ रुपये ९७ पैसे आणि खिचडी तीन पैशांनी वाचली. दर वेळी तळाचा पदार्थ उडवत गेलात तर एक दिवस फळ्यावर फक्त मिसळ उरेल.

कप्पे नुसते दाखवतात. पुढचं स्वयंपाकघरात जाऊन बघावं लागतं.

थालीपिठाचंच घ्या. प्लेटीमागे सगळ्यांत जास्त शिल्लक त्याची, मग त्यालाच पुढे करावं, असं कागद सांगतो. रविवारी सकाळी साडेआठला मी कोपऱ्यात बसून घड्याळ लावलं. थालीपीठ ऑर्डर आल्यावर थापायचं, तव्यावर भोकं पाडून तेल सोडायचं, दोन्ही बाजूंनी भाजायचं. टेबलावर यायला बारा-तेरा मिनिटं. मिसळ तीन मिनिटांत येते. थालीपीठ मागवणारं चौघांचं कुटुंब आपलं टेबल पाऊण तास अडवून बसलं आणि बाहेर फुटपाथवर माणसं उभी. त्यातले दोघे कंटाळून गेले तेव्हा चौसष्टमधून एकशेचार वजा झाले. कासावाना-स्मिथच्या पद्धतीवर टीका झाली ती याच अंगानं: ती माल मोजते, पण माणसाचे हात, शेगडी आणि खुर्ची मोजत नाही. रविवारच्या गर्दीत टंचाई असते ती खुर्चीची.

कोथिंबीर वडीचं तसं नाही. उंडे आदल्या संध्याकाळी उकडून ठेवलेले. काप पाडायचे आणि वड्याच्याच कढईत तळायचे, चार मिनिटं. ऐंशी रुपये किंमत, बावीस रुपये माल. मग ती खपत का नाही? चव चांगली होती, मी तीन दिवस खाल्ली. कार्ड काढून बघितलं तर ती 'इतर' या मथळ्याखाली दही, पापड आणि जादा पाव यांच्यामध्ये होती. आणि पोरांच्या तोंडी तर ती नव्हतीच.

ही तोंडाची गोष्ट पाश्चात्त्य पुस्तकांत फारशी सापडत नाही, पण आपल्या छोट्या हॉटेलांत खरं मेनूकार्ड तेच. गिऱ्हाईक टेकतं, कार्डाकडे न बघता विचारतं, "काय आहे?" आणि पोरगा एका दमात म्हणतो, "मिसळ-वडा-पोहे-उपमा-खिचडी-साबुदाणावडा…" ऐकणारा तिसऱ्या-चौथ्या नावाला थांबवतो. म्हणजे त्या पाढ्यातली पहिली चार नावं हीच सगळ्यांत महागडी जागा, आणि तिथे उपमा बसला होता. का, तर सकाळी तो आधी तयार होतो म्हणून. आम्ही पाढा बदलला: "गरम मिसळ आहे, कोथिंबीर वडी आहे, पोहे, वडा, साबुदाणा…" आणि दोन-तीन जणांनी मिसळ सांगितली की एकच प्रश्न विचारायचा, "कोथिंबीर वडी एक मध्ये आणू?" टेबलाच्या मध्ये एक प्लेट मागवून सगळ्यांनी खाणं ही आपली सवयच आहे. तिला फक्त आठवण द्यावी लागते. पोरांना प्रत्येक 'मध्ये'मागे दोन रुपये ठरले; पहिल्या आठवड्यात त्यांनी ते फारच मनावर घेतलं आणि एका आजोबांनी गल्ल्यावर येऊन तक्रार केली. तेव्हा एकट्या माणसाला विचारायचं नाही, असं ठरलं.

छापील कार्डाबद्दल दोन शब्द. अनेक सल्लागार सांगतात, की नजर आधी कार्डाच्या अमुक कोपऱ्यात जाते, तिथे महाग पदार्थ ठेवा. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या सिबिल यांग यांनी २०१२ मध्ये डोळ्यांच्या हालचाली टिपून हे तपासलं, तर लोक मेनू बहुतांशी पुस्तकासारखाच वाचताना दिसले. नजर रेंगाळते अशी जादूची जागा सापडली नाही. म्हणून कोपऱ्यांच्या नादी लागलो नाही. कोथिंबीर वडीला 'इतर'मधून काढून मिसळीच्या खाली आणलं, तिच्याभोवती चौकट टाकली आणि एक ओळ लिहिली, 'वाफवून तळलेली, आठ काप'. आठ काप हे सांगणं महत्त्वाचं ठरलं. ऐंशी रुपयांत किती येतं हे न कळल्यामुळेच लोक हात आखडत असावेत, असा माझा अंदाज. चौकट एकाच पदार्थाला. भावाला पाच हव्या होत्या, पण पाच चौकटी म्हणजे नुसत्या रेघोट्या.

किमती उजवीकडे एका रांगेत होत्या, 'रु. ८०/-' अशा थाटात. रांग असली की डोळा पदार्थ सोडून आकड्यांवरून खाली घसरतो आणि सगळ्यांत लहान आकड्यावर थांबतो. किंमत पदार्थाच्या नावानंतर लगेच, नुसती '८०' अशी छापली. नुसता आकडा लिहिला तर गिऱ्हाईक जास्त खर्च करतं, असं कॉर्नेल विद्यापीठाच्या २००९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. पण तो न्यूयॉर्क राज्यातल्या एका पाकशास्त्र संस्थेच्या कॅफेतल्या दुपारच्या जेवणाचा अभ्यास. डोंबिवलीच्या मिसळीला तो लागू होईल, अशी पैज मी लावणार नाही. रांग मोडण्यात तोटा नव्हता, एवढंच.

पोह्यांवरून मात्र आमचा वाद झाला. भावाला चाळीसचे पंचेचाळीस करायचे होते. गणित त्याच्या बाजूनं होतं. अकराशे प्लेटी गुणिले सत्तावीस, म्हणजे २९,७०० रुपये. शिल्लक बत्तीस झाली तर तेवढेच रुपये ९२८ प्लेटींत येतात. म्हणजे १७० गिऱ्हाइकं तुटली तरी नुकसान नाही. मी म्हटलं, ती १७० माणसं नुसते पोहे खात नाहीत. ती सकाळच्या लोकलआधी रोज येतात, चहा घेतात, आणि त्यातलीच काही रविवारी बायकामुलांना मिसळीला आणतात. बैलाच्या किमतीला हात लावताना तो ओढत असलेली गाडी बघावी. शेवटी किंमत तीच ठेवून पोहे आणि चहाची जोडी फळ्यावर लिहिली. ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी मात्र पोहे बंदच केले. कमिशन आणि डबा वजा जाता तिथे सत्तावीसमधलं फारसं काही उरत नव्हतं.

मिसळीला काही केलं नाही. फक्त फरसाणाची मूठ गेली आणि पन्नास ग्रॅमची स्टीलची वाटी आली. सरासरी खर्च तोच राहिला, पण अडतीस ग्रॅमवाल्या गिऱ्हाइकाची नाराजी संपली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवं कार्ड लागलं. फेब्रुवारी मोजला नाही. अठ्ठावीस दिवसांचा महिना, त्यात महाशिवरात्र. मार्चमध्ये कोथिंबीर वडी १९० वरून ४२० वर गेली. भाऊ लगेच २३० गुणिले ५८ करून १३,३४० रुपये वाढले म्हणून खूश. पण वडी खाणारा माणूस काहीतरी सोडूनच वडी खातो. बटाटावडा १२० प्लेटींनी उतरला होता, मिसळ ४० नं. वड्याचे ३,१२० आणि मिसळीचे २,०८० वजा केले तर राहिले ८,१४०. वड्यावरून वडीवर आलेलं गिऱ्हाईक बत्तीस रुपयांचा फायदा देतं. मिसळीवरून आलेलं फक्त सहाचा. उरलेल्या सत्तर प्लेटी कुणाच्या जागी नव्हत्या, त्या 'मध्ये'वाल्या. मिसळीच्या चाळीस प्लेटी कुठे गेल्या हे मला अजून नीट कळलेलं नाही. उन्हाळ्याचीही चाहूल असेल. ती उतरण एप्रिलमध्येही चालू राहिली तर वडीची चौकट काढायची, असं ठरलंय.

थालीपीठ आता सकाळी अकरानंतर मिळतं. आणि उपमा? त्याचा खरा दोष कागदावर नव्हताच. तो पातेल्यात दिसला. रोज पंधरा प्लेटींचा उपमा व्हायचा, आठ खपायच्या आणि सात अकरा वाजता बादलीत. विकलेल्या प्लेटीवर टाकलेल्याचा भार धरला तर माल बारा नव्हे, साडेबावीस रुपयांचा आणि शिल्लक साडेसतरा. तरी तो पुरता काढला नाही, कारण तो खाणारे बहुतेक रोजचे म्हातारे, ज्यांना तिखट-तळलेलं बंद आहे, आणि ते आले की त्यांच्याबरोबर मिसळ खाणारेही येतात. आता उपमा कार्डावर नाही. मंगळवारी आणि शनिवारी फळ्यावर खडूनं लिहितात. पंधरा प्लेटी होतात आणि साडेदहापर्यंत पातेलं रिकामं होतं.